प्रतिसाद: कॉइल आधी अदलाबदल करून बघा

>> "आयडलला गाडी थरथरते, स्कॅनरवर P0302 येतोय, मेकॅनिक म्हणतो चारही कॉइल बदला"

चारही कशाला, कोड फक्त दोन नंबरच्या सिलिंडरचा आहे ना! इंजिन थंड असताना दोन आणि तीन नंबरच्या कॉइल आपसात बदला, कोड क्लिअर करा आणि गाडी चालवून बघा. आता P0303 आला तर कॉइलच गेलीय, P0302च राहिला तर तसंच प्लगचं करा, आणि तरीही कोड हलला नाही तर मग इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन बघायचं.

वर कोणी प्लगबद्दल बोललंच नाहीये. प्लग झिजला की टोकांमधली गॅप वाढते, ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज काढावं लागतं आणि शेवटी तीच जळते, म्हणून जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवली की काही महिन्यांत परत तेच रडगाणं. कॉइल उपसाल तेव्हा तिचं रबर बूट नीट बघा, ऑइलने बरबटलेलं असेल तर टॅपेट कव्हरच्या तिथलं सील गळतंय, ते आधी करा. आणि हो, चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट.