मदत हवी आहे: चौरस कापू की उभा ४:५?

आजी तुळशीवृंदावनाला पाणी घालतेय, असा आडवा फोटो आहे (६०००×४००० पिक्सेल). डावीकडे स्कूटर, उजवीकडे पाण्याची टाकी. दोन्हींच्या मधली मोकळी रुंदी फक्त ३४०० पिक्सेल.

पूर्ण उंचीचा चौरस घेतला तर टाकी आत येते. ३४०० चा चौरस केला तर आजीची पावलं घोट्यापाशी कापली जातात, ते फार खटकतं. ४:५ मध्ये ३२००×४००० बसतो, पण तिचं कोपर उजव्या कडेला चिकटतं. सरकवायला जेमतेम २०० पिक्सेल आहेत.

वस्तू पुसून पाहिल्या, मागच्या फरशीच्या रेघा फाटतात. फोटो पुन्हा काढता येणार नाही. ८×१० इंची प्रिंट हवी आहे, पण चौरस फ्रेमही चालेल. कोपराशेजारी किती जागा सोडली तर चौकट आवळल्यासारखी वाटणार नाही? की टाकीची थोडी कड राहू द्यावी?