मदत हवी आहे: शिडी वरून ४ फूट घसरली, तर खाली किती सरकते?

मिरजकर_पालक
मुलगी दहावीला आहे. उदाहरण असं: २५ फुटी शिडी भिंतीला टेकवली आहे, पाय भिंतीपासून ७ फुटांवर. वरचं टोक ४ फूट खाली घसरलं, तर पाय किती सरकेल? ती म्हणते ४ फूटच, कारण शिडी तर तेवढीच आहे. उत्तर ८ दिलंय. तिला पटेल असं कसं समजावू?

विटेकर
शिडी म्हणजे कर्ण, तो बदलत नाही. ६२५ मधून ४९ गेले, उरले ५७६, म्हणजे टोक आधी २४ फुटांवर. घसरून २० वर आलं. ६२५ वजा ४०० म्हणजे २२५, पाय १५ वर. ७ चे १५ झाले, ८ फूट सरकला. वर जेवढं घसरतं त्यापेक्षा खाली जास्तच सरकतं, हे तिला सांगा.

कराडचे_सर
पहिला भाग बरोबर, पण ‘जास्तच’ हे चुकीचं. हीच शिडी पुढे घसरू द्या. टोक २० वरून १५ वर आलं की पाय १५ वरून २० वर जातो, ५ ला ५. पुढे टोक १५ वरून ७ वर आलं, तर पाय २० वरून २४ वर. वर ८, खाली फक्त ४! शिडी उभट असताना पाय जास्त पळतो, आडवी झाल्यावर कमी.

मुलगी मनात दोन्ही अंतरांची बेरीज कायम धरतेय. कायम राहते ती वर्गांची बेरीज. ७ आणि २४ चे ३१ होतात, १५ आणि २० चे ३५. २५ सेंटिमीटरची काडी कापून द्या, वहीच्या कोपऱ्यात उभी-आडवी टेकवून तिलाच मोजू द्या.

प्लॉटवाला_सांगली
शिडी नाही, पण प्रमेय हेच. घराची आखणी चालू आहे. गवंड्याने कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण केली. तिरकं माप ५ फूट १ इंच आलं. तो म्हणतो, इंचाने काय होतंय. चालेल का?

कराडचे_सर
नाही चालणार. इंचांत बघा: ३६ आणि ४८ च्या वर्गांची बेरीज ३६००, ६१ चा वर्ग ३७२१. मोठ्या बाजूचा वर्ग जास्त आला, म्हणजे कोन काटकोनापेक्षा उघडलाय, साधारण ९२ अंश. ३० फुटांच्या भिंतीत टोकाला फूटभर फरक पडेल. ९, १२, १५ फूट घेऊन पुन्हा मोजा. माप मोठं घेतलं की टेपच्या इंचभर चुकीने कोन तेवढा बिघडत नाही.

प्लॉटवाला_सांगली
दोन बाजूंचा पाया आधीच खणलाय. दोरी फिरवली तर शेजारच्या हद्दीत जाईल का, तेही मोजावं लागेल.

मिरजकर_पालक
काडी कापली. १५-२० ला दोन्हीकडे सारखं सरकतं हे तिला पटलं. आता विचारतेय, बरोबर कुठल्या जागी पाय आणि टोक एकाच वेगाने सरकतात?