आठवर सिंह की तराजू? टॅरोचा डेक बदलला तर वर्षाचा पत्ता बदलतो का?

कृष्णाकाठ, सांगली
विश्रामबागच्या एका ताईंसाठी २०२५ चा वर्षाचा पत्ता काढला. जन्म २० जून. २० + ६ + २०२५ = २०५१, आणि २ + ० + ५ + १ = ८. माझ्या रायडर-वेट डेकमध्ये ८ म्हणजे स्ट्रेंग्थ, सिंहाला आवरणारी बाई. साताऱ्यात त्यांनी दुसऱ्या रीडरला विचारलं, त्यांचा डेक मार्सेय, तिथे ८ म्हणजे जस्टिस, तराजूवाली. भावाशी जमिनीच्या वाटणीचा वाद चालू आहे. मी म्हटलं धीरानं घ्या, तिकडे सांगितलं कागद काढा आणि दावा लावा. हे आकडे बदललेच का, आणि ताईंनी कोणाचं ऐकायचं?

सज्जनगड
जुन्या मार्सेय क्रमात जस्टिस ८ आणि स्ट्रेंग्थ ११. रायडर-वेट डेक करणाऱ्या वेटनं १९०९ च्या त्या डेकमध्ये अदलाबदल केली आणि पुस्तकात लिहिलं की कारण मला पटलेलं आहे, वाचकाला ते सांगायची गरज नाही. असा खुलासा मला चालत नाही. पुढे क्राउलीनं स्वतःच्या डेकमध्ये जुने आकडे परत आणले, म्हणजे चूक होती हे त्यांच्याच गोटातल्या माणसानं मान्य केलं.

अजिंक्यतारा
दादा, क्राउलीचं अर्धंच सांगितलंत. त्यानं आकडे जुने ठेवले, पण राशी आणि हिब्रू अक्षरं बदललेलीच ठेवली. त्याचा ११ चा पत्ता सिंहाचाच आणि ८ चा तुळेचाच.

अदलाबदल वेटची नव्हेच. १८८८ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळानं २२ पत्ते हिब्रूच्या २२ अक्षरांना जोडले. फूल म्हणजे वेड्याचा पत्ता शून्यावर, म्हणून पहिलं अक्षर त्याला. त्या अक्षरांपैकी बारा राशींची आहेत. आता नुसत्या राशी म्हणत चला: एम्परर ४ मेष, हायरोफंट ५ वृषभ, लव्हर्स ६ मिथुन, चॅरियट ७ कर्क. पुढे सिंह यायला हवा, आणि जुन्या क्रमात तिथे तराजू घेतलेली बाई बसली आहे! हर्मिट ९ कन्या, मधे व्हील १० ला गुरू, मग तूळ ११ वर, आणि तिथे सिंहाचा जबडा धरलेली बाई. दोघींनी जागा बदलल्या की राशींची ओळ सरळ होते. वेट त्याच मंडळातला, आणि तिथली शिकवण गुप्त ठेवायची शपथ असे. त्याच्या मौनाचं कारण मला तरी तेच वाटतं.

शनिवारपेठ
आपल्याकडे ८ म्हणजे शनी आणि शनी न्यायाचा देव. शिवाय तो उच्चीचा होतो तुळेत! मग ८ वर तराजूच शोभते. यावर काय म्हणाल?

अजिंक्यतारा
जुळणी सुरेख आहे, पण ती आपल्या अंकशास्त्राची. युरोपातला जुना क्रम त्यावरून ठरलेला नाही. तुम्ही ती धरून वाचत असाल तर जस्टिस ८ वर ठेवा, पण मग राशींची ती ओळ सोडावी लागेल. दोन्ही एकदम नको.

मिरजकर_मी
माझ्या नव्या डेकवर ८ ला तराजू आणि ११ ला सिंह छापलाय. ऑनलाइन मागवला होता. डुप्लिकेट आलाय का? परत करू?

अजिंक्यतारा
नाही हो, मार्सेय पद्धतीचा असेल. परत करू नका. फक्त रायडर-वेटच्या नोट्स ठेवून त्यावर आकड्यांची गणितं करू नका.

कृष्णाकाठ
मग माझ्या ताईंचं काय?

अजिंक्यतारा
स्प्रेडमध्ये पत्ता स्वतः पडला असता तर अडचणच नव्हती. तराजू दिसली की तराजू वाचायची, वर ८ असो की ११. आकड्यावरून पत्ता गाठलात, म्हणून फाटा फुटला. आकड्याचं काम तीनच ठिकाणी पडतं: जन्मपत्ता, वर्षाचा पत्ता, आणि १ ते २१ च्या सात-सातच्या तीन ओळी मांडतो तेव्हा. त्या मांडणीत मॅजिशियन आणि डेव्हिल यांच्या मधे ८ येतो. रायडर-वेटमध्ये तिथे जनावराला हातानं शांत करणारी बाई, आणि तिच्याखाली साखळीतली माणसं. मार्सेयमध्ये तिथे निवाडा. स्तंभाचा अर्थच पालटतो.

सज्जनगड
आणि ११ हा १ ते २१ चा बरोबर मध्य, दोन्ही बाजूंना दहा-दहा. तराजूला याहून चांगली जागा नाही, हे मी मान्य करतो. तरी ताईंना जस्टिसच सांगावं. वाद वाटणीचा आहे.

अजिंक्यतारा
वाद पाहून पत्ता निवडायचा, तर बेरीज कशाला केली? रीडरनं आपला डेक ठरवावा आणि आधीच सांगावं की माझ्याकडे ८ म्हणजे अमुक. दाव्याचं वकिलाला विचारावं, सात-बारा आणि फेरफार दाखवून. स्ट्रेंग्थ आली म्हणून मुदत चुकवू नये, आणि जस्टिस आली म्हणून कोर्टात धावूही नये.

कृष्णाकाठ
ताईंना फोन करून सांगते की दोन्ही उत्तरं एकाच आकड्यातून आलीत. आता आकडा बाजूला ठेवून तीन पत्ते उघडेन. पण २०२६ ला त्यांची बेरीज ९ येते, हर्मिट. तो दोन्ही डेकमध्ये ९ वरच आहे ना?

सज्जनगड
हो, तिथे वाद नाही. ८ चा मात्र मला अजून पटलेला नाही.