मदत हवी आहे: पावसाळ्याच्या तक्त्यात पाऊस कमी आणि ऊनच जास्त, पहिलीच्या मुलांना ऋतू कसा समजावावा?

माणदेशी_शिक्षिका
नमस्कार. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील, माण तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत पहिलीला शिकवते. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा हे तीन ऋतू मुलांना स्वतःच्या निरीक्षणातून कळावेत, म्हणून जूनमध्ये शाळा उघडल्यापासून आम्ही हवामानाचा तक्ता भरतो. मोठ्या कार्डशीटवर महिन्याच्या प्रत्येक दिवसाची एक चौकट आखलेली आहे. परिपाठानंतर एक मूल बाहेर पाहून येते आणि आजच्या चौकटीत सूर्य, ढग किंवा पाऊस यांपैकी एक चित्र काढते.

अडचण अशी की जुलैचा तक्ता पूर्ण झाला तेव्हा पावसाची चित्रे जेमतेम चार होती आणि उरलेल्या चौकटी बहुतेक सूर्याच्या होत्या. मी "हा पावसाळा" असे सांगितल्यावर एका मुलीने तक्त्याकडे बोट दाखवून "मग हा उन्हाळाच आहे ना, बाई?" असे विचारले. तिने तक्ता बरोबरच वाचला होता, त्यामुळे तिला चूक म्हणणे मला पटले नाही. तक्त्यात काय बदलावे, याबद्दल अनुभवी व्यक्तींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

रत्नागिरीकर_पालक
माझा मुलगाही पहिलीत आहे आणि त्यालाही तीन ऋतूंचा तक्ता करून आणायला सांगितला आहे. स्टेशनरीच्या दुकानात छत्री, स्वेटर आणि आंब्याच्या चित्रांचे तयार तक्ते मिळतात. ते कापून चिकटवल्यास काम लवकर होईल. आमच्याकडे जुलैत रोज पाऊसच असतो, त्यामुळे चौकटी भरण्यात काही अडचण येत नाही, सगळ्या निळ्या रंगवल्या की झाले.

माणदेशी_शिक्षिका
धन्यवाद. मात्र मला चिकटवण्यासाठी चित्रे नको आहेत. मुले रोज जे पाहतात त्यातून ऋतू ओळखता यावा, असा तक्ता हवा आहे. तुमच्या निळ्या चौकटी आणि आमच्या पिवळ्या चौकटी एकाच महिन्याच्या आहेत, हीच माझी अडचण आहे.

आकडेमोड
मॅडम, उपाय सोपा आहे. तक्त्याच्या वर जून ते सप्टेंबर पावसाळा, ऑक्टोबर ते जानेवारी हिवाळा आणि फेब्रुवारी ते मे उन्हाळा असे लिहून टाका, म्हणजे गोंधळ होणार नाही. शिवाय पाण्याची बाटली कापून पर्जन्यमापक करावा आणि पाऊस रोज मिलिमीटरमध्ये लिहावा. आकडा खोटे बोलत नाही.

केंद्रप्रमुख_निवृत्त
पर्जन्यमापकाची सूचना चांगली आहे, पण बाटलीचा तळ खोलगट आणि उंचवट्यांचा असतो, त्यामुळे तळाशी साचलेल्या पाण्याची उंची पट्टीने मोजल्यास आकडा चुकतो. त्याऐवजी सपाट तळाचा, सरळ भिंतींचा डबा घ्यावा. पहिलीच्या मुलांना मिलिमीटरची गरजही नाही. पाणी एक बोट साचले की दोन बोटे, एवढे त्यांना स्वतः मोजता येते.

महिने आधीच लिहून ठेवण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. उत्तर वर लिहिलेले असेल तर मूल खालच्या चौकटी कशाला वाचेल? बाई, तुमच्या मुलीने योग्य प्रश्न विचारला आहे. आपला भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माणमध्ये तो पाचशेच्या आसपास असतो, आणि त्यातला मोठा वाटा जुलैत नव्हे तर सप्टेंबरच्या सुमारास पडतो. म्हणजे आपल्याकडे जुलैतील पावसाळा पावसापेक्षा वाऱ्यावरून आणि आभाळावरून ओळखावा लागतो, आणि तुमच्या चौकटीत नेमकी त्यांनाच जागा कमी आहे.

माझी पद्धत सांगतो. प्रत्येक चौकट तिरप्या रेघेने दुभागावी. वरचा भाग परिपाठानंतर आणि खालचा भाग मधल्या सुट्टीनंतर भरावा. सूर्याकडे कोणीही पाहायचे नाही, हा पहिला नियम. मुलाने मैदानातील ठरलेल्या जागी उभे राहून स्वतःची सावली पाहावी. सावली ठळक असेल तर पिवळा रंग, पुसट असेल तर फिका करडा आणि सावली नसेल तर गडद करडा. पाऊस पडत असेल तर त्यावर निळ्या रेघा. तेलखडूच वापरावेत, कारण स्केचपेनचा रंग ओल्या हाताने फिसकटतो. शेजारी काठीला एक रिबन बांधून ठेवावी. ती लोंबत असेल तर काही काढायचे नाही, फडफडत असेल तर चौकटीच्या कोपऱ्यात एक बाण.

जुलैचा एक नमुना आठवडा पाहा. सोमवारी सकाळी गडद करडा, दुपारी फिका करडा, बाण. मंगळवारी दोन्ही फिके, बाण. बुधवारी सकाळी भुरभुर, दुपारी पिवळा, बाण. गुरुवार आणि शुक्रवार पुन्हा करडे, बाणासह. पाऊस एकाच चौकटीत आहे, पण बाण रोज आहे आणि संपूर्ण पिवळी चौकट एकही नाही. आता शेजारी मार्चचा आठवडा ठेवा. तिथे पिवळ्यावर पिवळा आणि बाण क्वचित. मग मुलांना "कोणता ऋतू?" असे न विचारता "या दोन आठवड्यांत काय वेगळे दिसते?" असे विचारावे.

आकडेमोड
तळाचा मुद्दा मान्य आहे. पण मग एप्रिलमधल्या वळवाच्या पावसाचे काय? एका दिवसात दोन बोटे पाणी साचले तर मुले त्यालाही पावसाळा म्हणणार नाहीत का?

केंद्रप्रमुख_निवृत्त
दुभागलेल्या चौकटीचा उपयोग तिथेच होतो. वळवाच्या दिवशी सकाळचा भाग ठळक पिवळा असतो आणि पाऊस दुपारनंतर येतो. पावसाळ्यातील आभाळ बहुधा सकाळपासूनच भरलेले असते. मात्र सप्टेंबरच्या अखेरीस आपल्याकडे सकाळी ऊन आणि दुपारनंतर गडगडाटासह पाऊस असेही दिवस येतात. त्या चौकटी वळवाच्या चौकटींसारख्याच दिसतात. एका चौकटीवरून ऋतू ठरत नाही, हे दाखवण्यासाठी मी तेच दिवस निवडत असे.

माणदेशी_शिक्षिका
आपण सांगितलेला बाण माझ्या मनात आलाच नव्हता, आणि जुलैत वारा तर इतका असतो की वर्गाच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. सोमवारपासून दुभागलेल्या चौकटी आखते. दोन शंका राहिल्या आहेत. मार्च-एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते, मग दुपारचा भाग कोणी भरायचा? आणि मुलांना दुसऱ्या दिवशी विचारले तर एकाने "पाऊस आला" म्हटले की सारा वर्ग "आला" म्हणतो, प्रत्यक्षात तो एखाद्याच वस्तीवर पडलेला असतो.

केंद्रप्रमुख_निवृत्त
चौकट फक्त शाळेच्या मैदानाची, असे मुलांशी ठरवून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा पाहायचा. पाणी असेल तर आदल्या दिवसाच्या खालच्या भागात निळ्या रेघा काढायच्या. हलकी सर मात्र एप्रिलच्या उन्हात सुकून जाते, ती या पद्धतीत हुकेल. खालच्या भागातील ऊन-ढगांसाठी माझ्याकडे चांगला उपाय नाही. मी तो भाग कोराच ठेवत असे, कारण न पाहिलेले रंगवायला लावणे मला योग्य वाटले नाही.

रत्नागिरीकर_पालक
आता प्रश्न नीट समजला. मुलाच्या तक्त्यात आम्हीही सावली आणि बाण घेऊ. शाळा सहकार्य करणार असेल तर आमच्या जुलैच्या तक्त्याचे छायाचित्र मी तुमच्या वर्गासाठी पाठवीन. ऑक्टोबरच्या कडक उन्हाच्या चौकटी तुम्ही कोणत्या ऋतूत धरता, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

माणदेशी_शिक्षिका
छायाचित्र जरूर पाठवा, दोन्ही तक्ते शेजारी लावता येतील. ऑक्टोबरच्या चौकटी मी सध्या कोणत्याही ऋतूत न धरता वेगळ्या ठेवणार आहे. कोणी त्या वर्गात वेगळ्या रीतीने हाताळल्या असतील, तर कृपया लिहावे.