हमज़ाची चूक कुठल्या रकान्यात?

अरबी निबंध तपासताना व्याकरण आणि शुद्धलेखनाचे रकाने वेगळे ठेवण्यावर एक आक्षेप येतो: "व्याकरण आणि शुद्धलेखन वेगळं केलं की एका चुकीचे दोनदा मार्क जातात."

जाऊ शकतात, पण हमज़ा या चिन्हापुरते. 'त्याचे मित्र' कर्ता असेल तर हमज़ा वाव या अक्षरावर बसतो, कर्म असेल तर एकटा, 'सोबत' या अर्थाच्या 'मअ'नंतर ये या अक्षराच्या खुर्चीवर. आमच्या रत्नागिरीकडच्या एका मुलाने 'मअ'नंतर वावावर लिहिला. शब्द म्हणून तो बरोबरच आहे, विभक्ती चुकली. म्हणून मार्क फक्त व्याकरणाचे कापायचे. 'विचारलं' या अर्थाच्या 'सअला'तला हमज़ा गाळला तर मात्र शुद्धलेखन.

आपल्याकडच्या उर्दू माध्यमाच्या मुलांचं आणखी एक: 'मदरसा' उर्दूसारखा शेवटी साधं 'हे' अक्षर घालून लिहितात, अरबी 'ता'च्या दोन नुक्त्यांशिवाय. तेही शुद्धलेखनच, आणि निबंधभर तीच सवय दिसली तर मी एकदाच कापतो.