‘त्यु म मांक’ची उलटी रचना

चैत्राली: ‘मला तुझी आठवण येते’चं फ्रेंच करताना आमच्या वर्गात बहुतेकांनी ‘झ त मांक’ लिहिलं. बाईंनी ‘त्यु म मांक’ करून दिलं आणि पाठ करायला सांगितलं. पण कर्ता ‘तू’ कसा? आठवण तर मला येते!

अनिकेत: सोपं आहे. ‘म’ म्हणजे ‘मला’. आपल्या ‘आठवण येते’सारखंच.

शरदकाका: अनिकेत, ‘मला’चं बरोबर. पण ‘आठवण येते’मध्ये क्रियापद आठवणीप्रमाणे चालतं, ‘तू’प्रमाणे नाही. त्यापेक्षा ‘मला तू आवडतेस’ घे. भावना माझी, पण ‘आवडतेस’मधला ‘स’ तुझ्यामुळे आला. फ्रेंचमध्येही ‘त्यु’मुळे मांकच्या शेवटी एस लिहितात, फक्त तो उच्चारत नाहीत. म्हणजे ही रचना आपल्याला परकी नाही. आपण मनात आधी ‘आय मिस यू’ म्हणतो आणि त्यातला ‘आय’ उचलून कर्त्याच्या जागी बसवतो, तिथे घोळ होतो. चैत्राली, ‘झ त मांक’ हे वाक्य शुद्धच आहे, पण अर्थ ‘तुला माझी आठवण येते’.

चैत्राली: म्हणूनच चूक लक्षात येत नाही! नावं असली की काय करायचं? ‘मारी मांक आ पोल’मध्ये बेचैन कोण?

शरदकाका: पोल. ‘आ’ ज्याच्या आधी, आठवण त्याला.

मंदार: मग गाडी चुकली तर ‘ल त्रँ म मांक’ ना? ऑफिसात तसं म्हटलं तर फ्रेंच सहकारी बघतच राहिला.

शरदकाका: त्याने ऐकलं की तुम्हाला रेल्वेची फार आठवण येते! इथे मात्र मराठीच फसवते. ‘माझी गाडी चुकली’मध्ये कर्ता गाडी, फ्रेंचमध्ये कर्ता तुम्ही: ‘झे मांके ल त्रँ’. ‘आ’ नाही, म्हणून आठवणही नाही. माणसांबाबत हा फरक नीट जपा. स्टेशनवर पोचलो तोवर मित्र निघून गेला होता, तर ‘झ ले मांके’. मी परगावी असताना त्याला माझी आठवण आली, तर ‘झ ल्वी ए मांके’. ‘म’ आणि ‘त’ दोन्हीकडे सारखेच दिसतात, त्यामुळे तिथे काही कळत नाही. ‘ल्वी’ आला की लगेच कळतं.

अनिकेत: ‘इल म मांक दिझ्यरो’ वाचलंय. ‘त्याला’ दहा युरोंची आठवण?

शरदकाका: नाही, तिथला ‘इल’ कुणी माणूस नव्हे. मला दहा युरो कमी पडतात, एवढंच. नुसतं ‘इल म मांक’ असेल तर मात्र ‘त्याची आठवण येते’.

नेहा (ओटावा): आमच्या शेजारची मुलं घरात फ्रेंच आणि शाळेत इंग्रजी बोलतात. ती सर्रास ‘झ मांक मे परां’ म्हणतात, म्हणजे ‘मला आईबाबांची आठवण येते’. आईही दुरुस्त करत नाही. याला चूक म्हणायचं की तिथली बोली?

शरदकाका: परीक्षेत चूकच धरतील. पण जी जन्मापासून फ्रेंच बोलतात त्यांना शिकाऊ कसं म्हणणार? त्यांची आजी काय म्हणते, तेही ऐकून सांग.