मदत हवी आहे: ‘हळूच’ काढायचं की ठेवायचं?

कथेतल्या एका परिच्छेदातून ‘खूप’, ‘अतिशय’, ‘अगदी’ काढतेय. मूळ वाक्य: ‘तो अतिशय वेगाने आत आला, त्याने दार खूप जोरात लावलं आणि अगदी हळू आवाजात काहीतरी बोलला.’ आता: ‘तो आत घुसला, त्याने दार आपटलं आणि काहीतरी पुटपुटला.’ इथवर पटलं, जोर क्रियापदांत आला.

अडलंय पुढच्या वाक्यात: ‘ती हळूच उठली.’ नुसतं ‘उठली’ म्हटलं तर चोरटेपणा जातो. ‘सटकली’ चालत नाही, कारण ती अजून खोलीतच आहे. ‘उठून बसली’ने तर क्रियाच बदलते. शिवाय आधीची तिन्ही क्रियापदं ठसठशीत आहेत. चौथंही तसंच घेतलं तर परिच्छेद आरडाओरडा करेल.

निवेदन प्रमाण मराठीत आहे, बोलीतला शब्द नको. वाक्य लांबवायचंही नाही.

‘हळूच’चा अर्थ पेलणारं एकच क्रियापद आहे का, की इथे क्रियाविशेषण ठेवणंच योग्य?